वाड्याचे मोल ठरविताना
(व्याख्यानाचा मजकूर)

नागपूरच्या महाल भागात गांधी गेटमधून, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजातून, आत शिरून चिटणवीसपुऱ्याच्या किंवा इतवारीच्या बोळांकडे वळले, की अधूनमधून एखादा वाडा अजून उभा दिसतो. रस्त्यावर त्याची एक भिंत, एक दिंडी दरवाजा आणि वर लाकडी कठड्याची गॅलरी एवढेच असते. त्या दरवाजातून आत गेल्याशिवाय त्या घराला चौक आहे की नाही, हेही कळत नाही. अशा वाड्याविषयी दोन मते लगेच ऐकू येतात. शेजारी म्हणतो, हा भोसल्यांच्या वेळचा आहे, याला हात लावू नये. मालकाच्या घरातील तरुण म्हणतो, ही पडायला आलेली भिंत आहे, हिच्यात जपण्यासारखे काय आहे? दोघेही घाईत असतात. पहिला वयाला मोल समजतो आणि दुसरा पडझडीला मोलाचा अभाव समजतो.

वाड्याची स्थिती आणि वाड्याचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. स्थिती म्हणजे तो आज किती धडधाकट आहे. मोल म्हणजे तो नाहीसा झाला तर नेमके काय नाहीसे होईल. वाळवी लागलेला खांब मोलाचा असू शकतो आणि लखलखीत रंगविलेला खांब अगदी सामान्य असू शकतो. म्हणून मोजमाप, दुरुस्तीचा अंदाज, मालकाची ऐपत, रस्ता रुंदीकरणाची रेषा हे सारे प्रश्न नंतर येतात. आधी एकच प्रश्न विचारावयाचा असतो: या घरात काय आहे, जे इतरत्र मिळणार नाही?

हा प्रश्न पद्धतशीर रीतीने विचारण्याची परंपरा फार जुनी नाही. १९०३ साली ऑस्ट्रियातील कला-इतिहासकार अलॉइस रीगल यांनी असे दाखवून दिले, की जुन्या वास्तूला एकच मूल्य नसते. वयामुळे येणारे मूल्य वेगळे, इतिहासाची साक्ष म्हणून येणारे वेगळे, वापराचे त्याहून वेगळे, आणि ही मूल्ये एकमेकांशी भांडतातही. त्यानंतर शहाहत्तर वर्षांनी, १९७९ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरा या जुन्या तांब्याच्या खाणींच्या गावी तेथील तज्ज्ञांनी एक सनद स्वीकारली. तिचे सार एवढेच, की आधी वास्तूचे महत्त्व समजून घ्या, ते लिहून काढा, आणि मगच तिच्याविषयी निर्णय घ्या. नाव ‘बरा’ असले तरी सनद कडक आहे. मोल न ठरविता केलेली दुरुस्तीही तिच्या दृष्टीने नुकसानच ठरू शकते.

ही रीत नागपूरच्या वाड्याला लावावयाची म्हणजे काय, हे एका नमुन्यावरून पाहणे सोयीचे होईल. हा नमुना कोणा एका कुटुंबाचे घर नव्हे. महाल भागातील अनेक वाड्यांत आढळणाऱ्या खुणा एकत्र करून तो समजुतीसाठी उभा केला आहे. दर्शनी बाजू पंचेचाळीस फूट, खोली एकशेदहा फूट. दरवाजातून आत देवडी. पुढे अठरा फूट रुंद आणि बावीस फूट लांब असा चौक. चौकाच्या चारही बाजूंना ओसरी आणि वर एक मजला. चौकापलीकडे माजघर आणि देवघर, त्यामागे स्वयंपाकघर, न्हाणीघर, विहीर आणि परसू. भिंती दीड फूट जाडीच्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. ओसरीचे खांब सागवानी, घडीव दगडाच्या तळखड्यांवर उभे. छपरावर मागच्या बाजूस देशी कवेलू, पुढच्या बाजूस मंगळुरी कौले. चौकावर अलीकडे कोणीतरी लोखंडी पत्रा घातला आहे. घरात मालकाच्या दोन शाखा आणि तीन भाडेकरू कुटुंबे राहतात. घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, की वाडा दोनशे वर्षांचा असून ओसरीचे खांब भोसल्यांच्या राजवाड्यातले आहेत.

ऐतिहासिक मूल्याचा विचार या सांगण्यापासूनच सुरू होतो. भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला, ही गोष्ट खरी आहे. त्यामुळे त्यातले लाकूड नंतर गावात इतरत्र वापरले गेले असेल, ही शक्यता मुळीच हास्यास्पद नाही. परंतु शक्यता आणि पुरावा यांत अंतर असते, आणि ते अंतर लाकडावरच वाचता येते. खांबाच्या चारही अंगांवरून दिवा तिरपा धरून पाहावा. ज्या उंचीवर आज काहीही जोडलेले नाही, तेथे कुसू बसविण्याची रिकामी खाच दिसली, तर तो खांब पूर्वी दुसऱ्या कोणत्या तरी चौकटीत उभा होता, हे निश्चित. खांबाचा खालचा भाग कापून उंची कमी केलेली असेल, तर कोरीव कामाचा तळचा पट्टा अर्धवट तुटलेला सापडतो. नमुन्यातील आठ खांबांपैकी चार खांबांवर अशा खाचा आहेत. उरलेले चार त्यांच्याकडे पाहून नंतर घडविलेले दिसतात, कारण त्यांचे कमळपाकळ्यांचे काम उथळ आहे आणि खाचा एकही नाही. म्हणजे कुटुंबाच्या आठवणीतला अर्धा भाग खरा ठरतो: खांब घरापेक्षा जुने आहेत. ते राजवाड्यातलेच आहेत, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. जळल्याची खूण सापडली असती तर तर्काला बळ आले असते. ती नाही म्हणून तर्क बाद होतो असेही नाही, कारण आगीतून वाचलेलेच लाकूड पुन्हा वापरले जाणार. असा मुद्दा ‘घरात प्रचलित असलेली आठवण’ या शब्दांत नोंदवावा आणि तेथेच थांबावे.

घराचे वय मात्र पुष्कळ अचूकपणे सांगता येते, आणि त्यासाठी दंतकथेची गरज नाही. मंगळुरी कौल उलटे करून पाहिले, की त्याच्या पोटावर कारखान्याचा ठसा असतो. बाझल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना १८६५ साली काढला. तेव्हा त्याचा ठसा असलेले कौल त्याआधीचे असणे शक्य नाही. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली. इतके जड कौल इतक्या दूर बैलगाडीने कोणी आणले नसते, हेही सहज लक्षात येते. गॅलरी पेलणाऱ्या लोखंडी गर्डरवर टाटांच्या कारखान्याचे नाव उठविलेले असेल, तर तो १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलादाचे उत्पादन त्या वर्षी सुरू झाले. तुळईच्या न तासलेल्या अंगावर करवतीचे ओरखडे सरळ पण वेडेवाकडे असतील, तर ती हाताने कापलेली. ते कमानीसारखे वळलेले असतील, तर ती आरागिरणीच्या गोल पात्याने कापलेली. येथे एक सावधगिरी हवी. कौल, गर्डर, खिळे या बदलता येण्याजोग्या वस्तू आहेत. घर जुने आणि कौल नवे असू शकते. म्हणून गर्डर भिंतीत जेथे टेकतो तेथील दगड आणि चुना पाहावा. तेथे फोडल्याची व पुन्हा भरल्याची खूण नसेल, तर गर्डर आणि भिंत एकाच वेळची. या सर्व खुणांना नझुलाच्या जुन्या नकाशाची, आखीव पत्रिकेची आणि नगरपालिकेच्या घरपट्टीच्या नोंदींची जोड दिली, की नमुन्यातील वाडा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला, म्हणजे सुमारे एकशेदहा वर्षांचा ठरतो. दोनशे वर्षांची कथा येथे संपते.

घरातल्या मंडळींना याचे वाईट वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. वास्तविक त्यांनी काहीच गमावलेले नसते. भोसल्यांच्या वेळचा म्हणून हा वाडा पुष्कळांतला एक, तोही पुराव्याविना, ठरला असता. त्याऐवजी तो आता दुसरीच एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाल्यानंतर आणि नागपूर मध्यप्रांताची राजधानी म्हणून वाढू लागल्यानंतर, सिव्हिल लाइन्समध्ये साहेबी बंगले उभे राहत असताना, महालातल्या एका कुटुंबाने हाती पैसा आणि बाजारात पोलाद असूनही जुन्या पद्धतीचा चौक असलेले घर बांधणेच पसंत केले. गर्डरवर पेललेली गॅलरी आणि जुने कोरीव खांब एकाच घरात यावेत, हा त्या काळाचा पुरावा आहे.

ऐतिहासिक मूल्यातला दुसरा दावा माणसांशी आणि घटनांशी निगडित असतो. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसचे प्रतिनिधी येथे उतरले होते, किंवा १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात सत्याग्रहींचा स्वयंपाक या चौकात होत असे, असे महालात अनेक घरांविषयी सांगितले जाते. त्यांपैकी काही निश्चितच खरे असेल. येथे कसोटी दुहेरी आहे. एक म्हणजे, परस्परांवर न बेतलेले दोन पुरावे आहेत काय? कुटुंबाची आठवण हा एक; पत्र, पावती, वर्तमानपत्रातील बातमी किंवा दुसऱ्या घरातील स्वतंत्र आठवण हा दुसरा. आणि दोन म्हणजे, घरात त्या घटनेची काही खूण उरली आहे काय, की केवळ पत्ता तोच आहे? नमुन्यातील वाड्यापाशी दुसरा पुरावा नाही. तो दावा नोंदीत राहतो, मूल्यमापनात मोजला जात नाही.

वास्तुशास्त्रीय मूल्य ठरविताना सर्वांत मोठी चूक तुलनेत होते. पाहणारा मनात पुण्याचा विश्रामबागवाडा धरून येतो आणि त्या मापाने महालातला वाडा खुजा ठरवितो. दुसऱ्या बाजीरावाच्या निवासस्थानाची आणि एका गृहस्थाच्या घराची तुलना करणे म्हणजे किल्ल्याच्या मापाने गावकूस मोजणे होय. तुलना समान काळातील, समान ऐपतीच्या, समान गावातील घरांशी व्हावी. येथे योग्य सोबती आहेत महाल, इतवारी, बुधवारी या भागांतील, साधारण १८८० ते १९३० या काळातले वाडे. त्यांत चौक शाबूत असलेले किती, चारही बाजूंनी ओसरी असलेले किती, एकत्रित विटा-लाकडाच्या चौकटीचे किती, याची यादी करावी. ती यादी करण्यास दोन महिने लागतील. परंतु तिच्याशिवाय ‘दुर्मिळ’ हा शब्द लिहिणे म्हणजे केवळ कौतुक करणे होय.

नमुन्यातील वाड्याचे दर्शनी काम नीटस आहे, तरी त्याहून सरस गॅलऱ्या त्याच भागात सापडतील. त्याचे खरे वैशिष्ट्य आत आहे. देवडीतून चौकात येताना दोन पायऱ्या, चौकातून ओसरीवर तीन, ओसरीतून माजघरात एक उंबरठा, अशी जमिनीची चढती पातळी आहे, आणि प्रत्येक पातळीवर प्रकाश थोडा कमी होत जातो. रस्त्यावरच्या उन्हातून देवघराच्या समईपर्यंतचा हा प्रवास मोजक्या पावलांत होतो. तो सलग अनुभवता येतो, कारण चौक आणि चारही ओसऱ्या मूळ जागी आहेत. एक ओसरी भिंत घालून बंद केली असती, तर खांब तेवढेच राहिले असते आणि वास्तू मात्र उरली नसती. घडीव वस्तू मोजणाऱ्या यादीत रिकामी जागा कधीच येत नाही. वाड्यात मात्र मोलाची वस्तू बहुधा तीच असते.

सामाजिक मूल्य हे ऐतिहासिक मूल्याचेच दुसरे नाव आहे, असा एक समज आढळतो. ऐतिहासिक मूल्य घडून गेलेल्या गोष्टींचे असते, सामाजिक मूल्य आज जिवंत असलेल्या माणसांच्या मनातले. एक वीटही न हलता ते नाहीसे होऊ शकते. सर्व कुटुंबे निघून गेली आणि वाड्याला कुलूप लागले, की ते संपले. म्हणून ते मोजपट्टीने नव्हे, विचारपूस करून ठरवावे लागते, आणि कोणाला विचारावयाचे हाच त्यातला नाजूक प्रश्न असतो. मालकाला विचारणे सर्वांत सोपे आणि सर्वांत अपुरे. भाडेकऱ्याला, समोरच्या वाण्याला, पूर्वी या विहिरीवर पाणी भरणाऱ्या आजीबाईंना आणि या घरातून लग्न होऊन गेलेल्या मुलींना स्वतंत्रपणे विचारावे. प्रश्नही सरळ ‘तुम्हांला वाडा आवडतो का’ असा नसावा. उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी, मागील वर्षी या चौकात काय काय झाले, हे विचारावे.

नमुन्यातील चौकात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या पंगती अजून बसतात आणि त्यांत भाडेकरूही असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, गल्लीतली मुले आपापले लाकडी नंदी घेऊन याच चौकात जमतात. देवडीतून आत येणे त्या दिवशी सर्वांना मोकळे असते. त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा वरच्या गॅलरीत शेजाऱ्यांच्या बायका-मुलांची जागा ठरलेली असते. या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांशी न बोलता सांगितल्या, म्हणून त्या पक्क्या.

याच विचारपुशीत दुसऱ्या बाजूचेही ऐकू येते. ज्या पायऱ्या आणि उंबरठे वास्तुशास्त्रज्ञाला रमणीय वाटतात, त्याच पूर्वी कोणी कोठवर यावे याच्या सीमा होत्या. देवडीपर्यंत कोण, ओसरीपर्यंत कोण, माजघरात कोण, हे जातीने आणि नात्याने ठरलेले होते. मागच्या जिन्याखालची अंधारी खोली घरातल्या विधवेसाठी होती, असे एक वृद्ध बाई सहज सांगून जातात. मूल्यमापनात हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. चौक सर्वांचा झाला तो अलीकडे, आणि तो तसा झाला हीच त्याच्या सामाजिक मूल्यातली सर्वांत मोठी नोंद आहे. जिन्याखालची ती खोलीही तशीच राहिली पाहिजे. तिच्याशिवाय उरलेल्या घराचा अर्थ अपुरा राहील.

तांत्रिक मूल्याचा प्रश्न बहुधा शेवटी आणि घाईने उरकला जातो. तो असा आहे: या वास्तूच्या बांधणीत असे काही ज्ञान आहे काय, जे अजून वाचता येईल आणि उपयोगी पडेल? नागपूरचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो. दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंतीतून उष्णता आत पोहोचण्यास सुमारे दहा ते बारा तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन आतल्या अंगाला जाणवते ते मध्यरात्री, जेव्हा घरातली माणसे चौकात किंवा गच्चीवर झोपलेली असतात. रात्री चौकाची फरशी उघड्या आकाशाखाली निवते, गार हवा जड असल्यामुळे खाली उतरून ओसऱ्यांत भरते, आणि दुसऱ्या दिवशी बऱ्याच उशिरापर्यंत तेथे टिकते. हे सिद्ध करण्यास प्रयोगशाळा नको. एक तापमापक रस्त्याकडील गॅलरीच्या सावलीत, दुसरा ओसरीत टांगून चोवीस तास दर तासाला आकडा लिहावा. मग चौकावर पत्रा घातलेल्या शेजारच्या वाड्यात तीच नोंद करावी. पत्र्याखालच्या चौकात दिवसा तापलेला पत्राच खालच्या ओसऱ्यांवर उष्णता टाकीत राहतो आणि रात्री फरशीला आकाश दिसत नाही. घर तेच, भिंती त्याच, परंतु यंत्र बंद पडलेले असते.

तांत्रिक मूल्याचा दुसरा भाग जमिनीखाली आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. सिमेंटच्या ताठर बांधणीला ही हालचाल सोसत नाही आणि ती कोपऱ्यातून तडकते. लाकडी चौकटीचे तसे नसते. खांब तळखड्यावर नुसता टेकलेला असतो, तुळई हस्तावर विसावलेली असते, सांधे कुशीचे असतात. चुनाही सिमेंटपेक्षा मऊ असल्यामुळे बारीक हालचाल पचवितो. पण हे सारे पाणी वेळेवर बाहेर गेले तरच. नागपूरच्या वर्षाकाठीच्या सुमारे अकराशे मिलिमीटर पावसात केवळ या चौकात थेट पडणारे पाणीच चाळीस हजार लिटरांच्या घरात जाते. आतल्या उतारांच्या छपरांवरून येणारे वेगळे. ते दगडी पन्हळीतून, देवडीच्या फरशीखालून, रस्त्याच्या गटारात जाते. रस्ता दरवेळी डांबर चढवून उंच होत गेला आणि पन्हळीचे तोंड बुजले, की पाणी पायाच्या मातीत मुरते. मग एक खांब खचतो, दरवाजा अडकू लागतो आणि लोक म्हणतात, घर म्हातारे झाले.

हे ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. भेग खाली रुंद आणि वर अरुंद, की खाली अरुंद आणि वर रुंद, हे पाहावे. त्यावर तारीख घालून काचेची पट्टी चिकटवावी आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहावी. पट्टी पावसाळ्यात फुटली आणि पुढे भेग वाढली नाही, तर दोष मातीचा आणि पाण्याचा. खांबाच्या बुडाशी टोच्याने टोचून पाहावे. तो अर्धा इंच सहज आत गेला तर वाळवी किंवा ओल पोहोचली आहे. भिंतीचा खालचा तीन फूट भाग अलीकडे सिमेंटने गिलावा केलेला असेल, तर त्याच्या वरच्या काठावर चुना पापुद्र्यांनी सुटलेला आढळतो, कारण आतली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही व वर सरकते. ही स्थितीची पाहणी झाली, मोलाची नव्हे. तथापि ती येथे करावी लागते, कारण चौकाचे पाणी बाहेर नेणारी पन्हळ, ओसऱ्या गार ठेवणारी उघडी फरशी आणि हलणारे सांधे हीच या घराची तांत्रिक संपत्ती आहे, आणि नेमकी तीच दुरुस्तीच्या नावाखाली पहिल्यांदा काढली जाते.

जुन्या खांबांचे आणखी एक तांत्रिक मूल्य सांगितले पाहिजे. सागवान हा उष्ण कटिबंधातील अशा थोड्या वृक्षांपैकी आहे, ज्याच्या खोडात दरवर्षीची वलये स्पष्ट उमटतात आणि कोरड्या वर्षांची वलये अरुंद असतात. पुरेशा नमुन्यांची तुलना उपलब्ध झाली, तर खांबावरून झाड कोणत्या वर्षापर्यंत वाढत होते हे वाचता येईल. म्हणून त्या चार खांबांना तासू नये, रंगाखाली भरू नये, आणि त्यांचे बूड कुजले असल्यास कापलेला तुकडा फेकून न देता नाव घालून ठेवावा.

चारही मूल्ये तपासून झाल्यावर त्यांची बेरीज करण्याचा मोह होतो. प्रत्येक मूल्याला दहापैकी गुण द्यावेत आणि एकूण आकडा पाहावा, ही रीत कार्यालयाला सोयीची वाटते. नमुन्यातील वाड्याला इतिहासात चार, वास्तुरचनेत सहा, सामाजिकात आठ, तांत्रिकात आठ, म्हणजे सव्वीस गुण मिळतात असे समजू. शेजारच्या घराला सात, सात, सहा, सहा मिळाले तर त्याचेही सव्वीसच होतात. परंतु पहिल्या घराचे मोल चौकात एकवटले आहे आणि दुसऱ्याचे सर्वत्र पातळ पसरले आहे. दोघांना एकच वागणूक दिली तर पहिल्याचा चौक जाईल. बेरजेपेक्षा वाक्यात लिहिलेले निवेदन अधिक उपयुक्त ठरते, कारण वाक्याला कर्ता आणि कारण द्यावे लागते.

नमुन्यातील वाड्याचे निवेदन काहीसे असे होईल: ‘विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेले हे महालातील गृहस्थाचे घर असून त्यात त्याहून जुन्या घरातील चार सागवानी खांब पुन्हा वापरले आहेत. पोलाद उपलब्ध झाल्यानंतरही चौक असलेल्या घराची पद्धत चालू राहिल्याचा ते पुरावा आहे. त्याचे प्रमुख मोल उघडा चौक, चार ओसऱ्या, त्यांच्या चढत्या पातळ्या आणि चौकाचे पाणी बाहेर नेणारी पन्हळ यांत एकत्रितपणे आहे. हा चौक आजही सणांच्या दिवशी गल्लीचा असतो. दर्शनी गॅलरी चांगली आहे, पण अद्वितीय नाही.’ शेवटचे वाक्य लिहिण्यास धैर्य लागते आणि त्यावरूनच आधीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

यानंतर घराच्या भागांची प्रतवारी करावी. ऑस्ट्रेलियातील जेम्स सेंपल कर यांनी १९८२ मध्ये मांडलेली पायरी येथे उपयोगी पडते: असाधारण, मोठे, काही, अल्प, आणि शेवटी बाधक, म्हणजे मोल झाकणारे. चौक, ओसऱ्या आणि पन्हळ असाधारण. जुने चार खांब, देवघर, गॅलरी आणि जिन्याखालची खोली मोठ्या मोलाची. नंतर घडविलेले खांब आणि मागचे कवेलू काही मोलाचे. भाडेकऱ्यांच्या न्हाण्या अल्प मोलाच्या. त्या सुधारून बांधण्यास हरकत नाही, किंबहुना त्या सुधारल्याशिवाय तेथे कोणी राहणार नाही. सिमेंटचा गिलावा आणि चौकावरचा पत्रा बाधक. पत्रा घालण्याचे कारण मात्र खरे होते: वरच्या मजल्यावरील भाडेकऱ्याच्या दारात पाऊस येत होता. म्हणून पत्रा काढावयाचा तर त्या दारावर पुढे काढलेली पडवी आधी द्यावी लागेल. तो खर्च निवेदनाचाच भाग समजावा.

आता शासकीय वर्गवारीकडे वळता येईल. वारसा नियमावलीत वास्तू तीन श्रेणींत बसविल्या जातात. पहिली श्रेणी राष्ट्रीय किंवा विशेष ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंसाठी. दुसरी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या आणि विशेष वास्तुगुणाच्या वास्तूंसाठी. तिसरी शहराच्या दृश्याला शोभा देणाऱ्या वास्तूंसाठी. तिसऱ्या श्रेणीत बदलांना बरीच मोकळीक असते, आणि रस्त्यावरून पाहून केलेल्या यादीत महालातले साधे वाडे बहुधा तिसऱ्या श्रेणीतच पडतात. ज्या घराचे मोल गॅलरीत आहे, त्याला ती श्रेणी पुरते. ज्याचे मोल आत आहे, त्याच्या बाबतीत गॅलरी जपून चौक बुजविणारा नकाशा नियमाला धरून मंजूर होऊ शकतो.

नमुन्यातील वाड्याच्या मालकाने असाच नकाशा आणला आहे, असे धरू. त्यात गॅलरी जशीच्या तशी आहे, चौकाच्या जागी जिना, लिफ्ट आणि प्रत्येक मजल्यावर दोन खोल्या. लेखी निवेदन नसेल, तर समितीपुढे फक्त आवडनिवड उरते. निवेदन असेल, तर समितीला प्रथम दुसऱ्या श्रेणीची शिफारस करता येते, आणि मालकाला लिफ्टसाठी जागाही दाखविता येते: विहिरीजवळचा परसू. तेथे अल्प मोलाच्या न्हाण्या आहेत, तेथे तीन मजले चढविता येतात, आणि तेथून ओसरीच्या मागच्या भिंतीत एक दार पाडले, की वरच्या मजल्यावरील वृद्धांना चौक ओलांडून न जाता घरी पोहोचता येते.